गणपूर्ती एकच, विचारायच्या तऱ्हा तीन : प्रौढांचा नागरिकशास्त्राचा पेपर कसा काढावा

मुक्त विद्यालयाच्या बोर्डाची परीक्षा बोर्डच घेतं, तो पेपर आपल्या हातात नाही. पण अभ्यास केंद्रावरची सराव चाचणी आणि गृहकार्य मात्र आपणच काढतो. बीड, जालना, धाराशिवकडच्या केंद्रांवर दहावीला बसणारी माणसं तिशी-चाळिशीतली असतात. कुणी ऊसतोड मजूर, कुणी आशाताई, कुणी एखाद्या पंचवार्षिकात सदस्य राहिलेली. यांना नागरिकशास्त्र विचारायचं कसं, हा प्रश्न असेल तर खालची तुलना उपयोगी पडेल. मी एकच मुद्दा घेतो, ग्रामसभेची गणपूर्ती, आणि तो तीन तऱ्हांनी विचारून बघतो.

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे : ‘ग्रामसभेची गणपूर्ती किती?’ उत्तर : एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तपासायला अर्धा मिनिट लागतो, वादाला जागा राहत नाही. बोर्डाचे बरेच प्रश्न याच घाटाचे असल्यामुळे हा सराव पूर्ण सोडूनही चालत नाही. अडचण दुसरीकडे आहे. मी काढलेल्या एका चाचणीत पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य राहिलेल्या ताईंनी या प्रश्नासमोर जागा कोरी ठेवली. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “सर, गणपूर्ती काय असती ते ठावं नाही. कोरम विचारला असता तर सांगितलं असतं की!” त्यांचा शून्य माझ्या शब्दामुळे आला होता. तेव्हापासून अशा प्रश्नात मी ‘गणपूर्ती (कोरम)’ असंच छापतो. एवढं केलं तरी हा प्रश्न आठवणच तपासतो. काल पाठ करून आलेला पोरगा इथे पुढे जातो आणि सभेत बसलेली बाई मागे राहते.

दुसरी तऱ्हा प्रसंगाची. यात नियम पेपरावरच चौकटीत छापून द्यायचा आणि खाली प्रसंग द्यायचा. माझा प्रसंग असा होता : ‘एका तांड्याच्या ग्रामपंचायतीत 520 मतदार आहेत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला 64 जण आले. सभा झाली, घरकुलाची यादी मंजूर झाली. संध्याकाळी शिपायानं रजिस्टर घरोघर फिरवून आणखी 20 सह्या घेतल्या. रजिस्टरवर आता 84 नावं आहेत. सभेला गणपूर्ती होती का?’

520 चे 15 टक्के 78 होतात. 78 हे 100 पेक्षा कमी, म्हणून गणपूर्ती 78. रजिस्टर बघितलं तर सभा पक्की दिसते, प्रत्यक्षात ती तहकूब व्हायला हवी होती. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, हेही मी चौकटीत देतो. नाहीतर ‘मग गावात सभा कधी व्हायचीच नाही’ असं उत्तर येतं, आणि ते चूक म्हणणं अवघड जातं.

आता गुणांचं. पहिल्यांदा मी फक्त ‘सभा वैध की अवैध’ यावर गुण ठेवले होते. तेव्हा एका काकांनी लिहिलं, ‘वैध. आमच्याकडं असंच होतं आणि सगळं मंजूर होतं.’ हे उत्तर खरं आहे आणि चूकही आहे. मी सरळ शून्य दिला, आणि ती चूक माझी होती. काकांना होतं काय ते नीट माहीत होतं. व्हायला काय हवं, हे वेगळं विचारलंच नव्हतं. म्हणून आता पाच गुण असे पडतात : 78 हा आकडा काढला, एक. 100 न घेता 78 का घेतले ते सांगितलं, एक. सभा तहकूब व्हायला हवी होती, एक. तुमच्या गावात काय होतं, एक. आणि या दोहोंतल्या फरकानं कुणाचं नुकसान होतं, एक. काकांसारख्याला चौथा गुण हमखास मिळतो, पण तिसरा नियम वाचल्याशिवाय नाही. अनुभवाला किंमत द्यायची ती अशी, नियमाशेजारी ठेवून. नुसत्या अनुभवाला गुण दिले तर पुस्तक न उघडलेला मुकादम वर्गात पहिला येईल.

इथे एक खड्डा आहे. ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघालेली टोळी जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असते. बायकांचं तर विचारू नका. सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, हे आमच्या वर्गातल्या निम्म्या जणींना पेपरातच कळलं. मग ‘तुमच्या गावात काय होतं’ याचं उत्तर त्या देणार कुठून? म्हणून त्या ओळीखाली मी जोडतो : ‘सभेला कधी गेला नसाल तर का जाता आलं नाही ते लिहा.’ गुण तेवढाच. एकीनं लिहिलं होतं, ‘सभा होती तवा मी मोळ्या बांधत होते, यादीत नाव गेलं नाही.’ पाचवा गुणही तिनं त्याच ओळीत मिळवला.

तिसरी तऱ्हा तोंडी परीक्षेची. लिहायचा हात बसलेला नसेल त्याला हीच न्यायाची वाटते, आणि ऐकायलाही मजा येते. पण हिशेब करा. तीस जण, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. परीक्षक गावातलाच असेल तर सरपंचाच्या भावकीतला निघतो, आणि त्याच्यासमोर 20 सह्यांची गोष्ट कोण बोलणार? बोलका माणूस कमी जाणून जास्त गुण नेतो. घ्यायचीच असेल तर बाहेरगावचे दोघे बसवा, सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारा, दोघांनी गुण वेगवेगळे आणि तिथल्या तिथे लिहावेत. पाचात दोनपेक्षा जास्त फरक पडला तर उत्तर पुन्हा ऐका. नुसती ‘अनुभवाची वही’ मागवायचा विचार असेल तर सोडा. दुसऱ्या वर्षी एकाच हस्ताक्षरातल्या चार वह्या येतात.

मला विचाराल तर 40 गुणांच्या चाचणीत 25 प्रसंगाला, 10 तोंडीला आणि 5 पाठांतराला द्या. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली असेल तर मात्र पाठांतराचे 20 करा, तेव्हा तत्त्वं बाजूला ठेवावी लागतात. प्रसंग दरवेळी ग्रामसभेचाच नको. रेशनचा चांगला जमतो : सहा माणसांचं प्राधान्य कुटुंब, माणशी 5 किलो, म्हणजे 30 किलो, दुकानदारानं 24 दिले, पावतीवर 30. अंत्योदयवाल्यांना कुटुंबामागे 35 असतात, हे चौकटीत लिहायला विसरू नका, नाहीतर त्या घरची मंडळी आपलाच आकडा धरून बसतात.

प्रश्न जमला की नाही, हे छापण्याआधी दोन माणसांवर बघून घ्यावं. नुकता दहावी झालेला, सभा न पाहिलेला एक मुलगा, आणि धडा न वाचलेला एक अनुभवी माणूस. दोघांना चौकटीसकट प्रश्न द्या. मुलाला पाचपैकी पाच पडले तर प्रश्न अजून पुस्तकीच आहे. अनुभवी माणसाला चौकटीकडे न बघता पाच पडले तर तुम्ही अभ्यास तपासतच नाही. दोघेही तीनाच्या आसपास अडले आणि वेगवेगळ्या जागी अडले, तर प्रश्न घ्या.

अक्षर मोठं छापा, ओळींत अंतर सोडा. आणि चाचणीची तारीख कारखान्यांचा पट्टा पडून टोळ्या गावी परतल्यावरच ठेवा.