चाईवर स्टेरॉइडची इंजेक्शनं: काही महिन्यांनंतर

कानामागे रुपयाएवढी जागा एकदम गुळगुळीत झाली होती. खाज नाही, कोंडा नाही, लाली नाही. डॉक्टरांनी भिंगातून कडेचे केस पाहिले. वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे तुटके केस तिथे होते. चाईची ही खूण. नायट्याने केस गेले असते तर पापुद्रे दिसले असते.

चाई कीड लागल्याने होत नाही आणि ती दुसऱ्याला लागतही नाही. शरीराच्या संरक्षक पेशीच केसांच्या मुळांवर हल्ला करतात. मुळं मरत नाहीत, नुसती थंडावतात, म्हणून केस परत येण्याची आशा राहते. हे नेमकं कशामुळे सुरू होतं ते ठामपणे सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो आणि काहींना जोडीला थायरॉइडचा त्रासही असतो. ‘टेन्शन घेतोस म्हणून’ हे मात्र प्रत्येकाने ऐकवलं.

उपचार म्हणजे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम इतकं पातळ केलेलं. बारीक सुईने साधारण एकेक सेंटिमीटरवर थेंबभर, म्हणजे ०.१ मिलिलिटरपर्यंत, औषध त्वचेच्या आतल्या थरात सोडतात. दहा टोचण्या झाल्या तरी एकूण ५ मिलिग्रॅमच जातं, त्यामुळे स्टेरॉइड या शब्दाची धास्ती मला तरी उरली नाही. कपाळाजवळ चांगलंच झोंबतं, मागच्या बाजूला कमी. पुढची फेरी चार ते सहा आठवड्यांनी.

दुसऱ्या फेरीच्या सुमारास मऊ, पांढरी लव दिसली. रंग नंतर भरत गेला. एका जागी त्वचा किंचित खळगा पडल्यासारखी खाली बसली. औषध जास्त किंवा फार वर सोडलं गेलं की असं होतं. डॉक्टरांनी तेवढी जागा पुढच्या वेळी वगळली आणि खळगा हळूहळू भरला. भुवईसाठी याहून पातळ, निम्म्या ताकदीचं औषध वापरतात, तेही याच कारणाने.

एक गोष्ट आधी कळलेली बरी: सुई टोचते तिथलेच केस येतात, रोग थांबत नाही. कानामागचं चट्टं भरत असतानाच मानेच्या वरच्या रेषेवर नवं उमटलं. त्यावरून इंजेक्शन फसलं असं म्हणणं चूक, पण जुनं भरल्याचं सगळं श्रेय त्यालाच देणंही तितकंसं बरोबर नाही. एखादं-दुसरं लहान चट्टं अनेकदा वर्षभरात आपोआप भरतं. इंजेक्शनाने ते लवकर भरतं, एवढंच.

अर्ध्याहून जास्त डोकं रिकामं झालं असेल तर इतकं टोचत बसणं व्यवहार्य नाही. अशा प्रौढ रुग्णांसाठी बॅरिसिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. ती रोगाची प्रक्रियाच दाबते, पण बंद केली की केस पुन्हा जाऊ शकतात आणि घेताना रक्ततपासण्या कराव्या लागतात. माझ्यावर ती वेळ नाही.

मानेवरचं चट्टं अजून हटून बसलंय. केसांच्या कडेची चाई चिवट असते, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. सहा महिन्यांत तिथे लव आली नाही, तर त्या जागी सुई बंद करायची असं ठरलंय.