नाव ठरवण्याच्या कार्यशाळेचा सात महिन्यांचा अनुभव: चांगली नावे मतदानात कशी निसटतात

गेल्या सात महिन्यांत आमच्या संघाने नवीन उत्पादनांची नावे ठरवण्यासाठी पाच कार्यशाळा घेतल्या आणि त्या पाचही मी चालवल्या. पद्धत नेहमीचीच होती: आधी वेळ लावून नावे सुचवण्याच्या फेऱ्या, मग सुचलेल्या नावांचे गट, मग ठिपके चिकटवून मतदान आणि शेवटी शॉर्टलिस्ट. सुरुवातीला माझा सगळा जीव पहिल्या टप्प्यात, म्हणजे जास्तीत जास्त नावे कशी सुचतील यात अडकलेला होता. आज माझे मत वेगळे आहे. नावे पुरेशी सुचतातच. चांगली नावे हातची निसटतात ती मतदानात, आणि तीही प्रामाणिकपणे मत देणाऱ्या माणसांच्या हातून.

हे मला दुसऱ्या कार्यशाळेत कळले, म्हणून तीच सविस्तर सांगतो. घरातली कागदपत्रे, बिले आणि वॉरंटी एका ठिकाणी ठेवणारे आणि मुदत संपण्याआधी आठवण करून देणारे एक ॲप होते. आम्ही आठ जण होतो आणि हातात तीन तास होते. सुरुवातीला अर्ध्या पानाचे टिपण सर्वांना वाचून दाखवले. त्यात ॲप काय करते याखेरीज, वापरणाऱ्याच्या तोंडी ते नाव ज्या वाक्यात येईल ते वाक्यही लिहिले होते: ‘पावती अमुकमध्ये आहे, बघ.’ हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले, कारण चिठ्ठीवर देखणी दिसणारी बरीच नावे या वाक्यात घातली की अवघडल्यासारखी वाटत.

नावे सुचवण्याच्या फेऱ्या आम्ही पूर्ण शांततेत घेतल्या. मोठ्याने बोलत ब्रेनस्टॉर्मिंग केले की एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात आणि तोवर त्यांच्या डोक्यातले विसरूनही जातात. डील आणि श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये प्रयोगांतून दाखवलेला हा अडथळा मी पहिल्या कार्यशाळेत स्वतः पाहिला होता. म्हणून दुसऱ्या वेळी पहिली फेरी सात मिनिटांची ठेवली, जो तो एकट्याने लिहील, एका चिठ्ठीवर एकच नाव. दुसरी फेरी पाच मिनिटांची होती आणि तिला बंधन होते: ॲप काय करते ते सांगायचे नाही, ते कशासारखे आहे ते सांगायचे. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपल्या चिठ्ठ्या शेजाऱ्याकडे सरकवल्या आणि शेजाऱ्याने पाच मिनिटांत त्यांना जोडून किमान तीन नवी नावे लिहिली. ही शेवटची कल्पना बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेल्या ‘6-3-5’ पद्धतीतून घेतली आहे. तिच्यात सहा जण दर पाच मिनिटांना तीन कल्पना लिहून कागद पुढे देतात आणि अर्ध्या तासात 108 कल्पना जमतात. आमच्यासाठी सहा वेळा कागद फिरवणे फार होते. एकदाच फिरवला तरी पुरतो, असा माझा अनुभव आहे.

वेळेबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सात मिनिटांच्या फेरीत तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला सर्वांची पेने थांबतात. कोणी खिडकीबाहेर बघू लागतो, कोणी आधीच्या चिठ्ठ्या सारख्या करू लागतो, आणि चालवणाऱ्याला वाटते की झाले, आता थांबवावे. तिथे थांबवू नये. त्या आधी लिहिलेली नावे आठही जणांची जवळपास सारखीच असतात: ‘कागदपेटी’ आमच्याकडे पाच जणांनी लिहिले होते. ‘कोनाडा’, ‘फडताळ’ आणि ‘हाताशी’ ही नावे त्या शांततेनंतर आली. पाच मिनिटांच्या फेरीत ही शांतता फेरीच्या शेवटाला येऊन भिडते, म्हणून पहिली फेरी मी आता सात मिनिटांपेक्षा लहान ठेवत नाही.

दुहेरी आलेली नावे काढून 118 चिठ्ठ्या उरल्या. त्या भिंतीवर लावून गट पाडायला सर्वांना न बोलता पंधरा मिनिटे दिली, आणि गटाला शीर्षक शेवटी द्यायचे असे ठरवले. शीर्षक आधी दिले की माणसे चिठ्ठ्या त्यात कोंबू लागतात. आणखी एक चूक मी पहिल्या कार्यशाळेत होऊ दिली होती: गट आवाजावरून पडले, म्हणजे लहान नावे एकीकडे, जोडशब्द दुसरीकडे. असे गट दिसायला नीटनेटके असतात, पण त्यांच्यावरून काहीच ठरवता येत नाही. नावामागे कोणती कल्पना आहे, यावरून गट पडायला हवेत. या वेळी चार मोठे गट पडले. ‘जागा’ या गटात कप्पा, कोनाडा, खण, फडताळ, पेटी आणि दप्तर अशी नावे होती. ‘जपणे’ या गटात जपणूक आणि ठेव, ‘वेळ’ या गटात मुदत आणि वेळीच, तर ‘सापडणे’ या गटात हाताशी, चटकन आणि सापडलं. सात-आठ चिठ्ठ्या कशातच बसेनात. त्या तशाच एकट्या राहू दिल्या.

इथपर्यंत सगळे छान चालले होते. मग प्रत्येकाला पाच ठिपके दिले, म्हणजे एकूण 40 मते, आणि ती कोणत्याही नावावर चिकटवायला सांगितली. पहिली तीन नावे पुढे न्यायची, हे आधीच ठरले होते. ‘हाताशी’ला सहा मते मिळाली, ‘जपणूक’ आणि ‘मुदत’ यांना पाच-पाच. ही तीन घेऊन आम्ही समाधानाने उठलो. दुसऱ्या दिवशी भिंतीचा फोटो पाहताना मी सहज ‘जागा’ गटातले ठिपके मोजले. कप्पा चार, कोनाडा चार, खण तीन, फडताळ तीन, पेटी तीन, म्हणजे एकूण सतरा. 40 पैकी सतरा मते ज्या कल्पनेला पडली होती, तिचे एकही नाव शॉर्टलिस्टमध्ये नव्हते. लोकांना जागेची कल्पना सर्वांत जास्त आवडली होती, आणि म्हणूनच त्यांनी तिच्यात सर्वांत जास्त नावे सुचवली होती. नावे जास्त म्हणून मते विभागली, आणि मते विभागली म्हणून ती कल्पना हरली. ‘मुदत’ मात्र आपल्या गटात जवळजवळ एकटे होते, त्यामुळे त्याची सगळी मते एकवटली.

हे लक्षात यायला उशीर झाला होता, कारण तिन्ही नावे तपासणीला गेली होती. तिथे दोन गळाली, दोन्ही त्याच क्षेत्रात आधीच वापरात असलेल्या नावांच्या फार जवळची म्हणून. उरलेले नाव होते ‘मुदत’, आणि ‘पावती मुदतमध्ये आहे, बघ’ हे वाक्य म्हणून पाहिल्यावर ते कोणालाच नको झाले.

आठवड्याभराने त्याच चिठ्ठ्या, तीच माणसे घेऊन फक्त मतदान पुन्हा केले, या वेळी दोन पायऱ्यांत. पहिल्या पायरीत मत नावाला द्यायचेच नाही, गटाला द्यायचे. प्रत्येकाला दोन मते, एका गटाला एकच. सोळा मतांपैकी ‘जागा’ला सात, ‘सापडणे’ला पाच, ‘जपणे’ला तीन आणि ‘वेळ’ला एक मत पडले. दुसऱ्या पायरीत पहिल्या तीन गटांच्या आतच नावांना मते द्यायची, आणि गटाला मिळालेल्या पाठिंब्याप्रमाणे त्याला शॉर्टलिस्टमध्ये जागा मिळणार: जागेची चार नावे, सापडण्याची तीन, जपण्याचे एक. अशी आठ नावे पुढे गेली. तेव्हापासून मी याच पद्धतीने मतदान घेतो, आणि मते फुटण्याचा प्रश्न नंतरच्या तीन कार्यशाळांत आला नाही.

मतदानाबाबत आणखी एक बदल केला. सुरुवातीला सगळे एकाच वेळी भिंतीशी जाऊन ठिपके लावत, आणि पहिले दोन-तीन ठिपके जिथे पडत तिथेच पुढचे गोळा होत. आमच्या प्रमुखांचा ठिपका आधी पडला तर हे अधिकच ठळकपणे दिसे. आता प्रत्येक जण आपल्या पसंतीच्या नावांचे क्रमांक आधी कागदावर लिहितो, आणि सर्वांचे लिहून झाल्यावरच ठिपके लागतात. प्रमुख सर्वांत शेवटी लावतात. त्यांनी ते आनंदाने मान्य केले, कारण अंतिम निर्णय तसाही त्यांचाच असतो. कार्यशाळेने त्यांच्यासमोर तपासून टिकलेली नावे ठेवायची, विजेता निवडायचा नाही, हे आता सर्वांना स्पष्ट आहे.

शॉर्टलिस्ट तीनाऐवजी आठ नावांची ठेवण्याचे कारण पुढच्या तपासणीत आहे. ट्रेडमार्कच्या शोधात हुबेहूब तेच नाव आहे का एवढेच पाहून चालत नाही. उच्चाराने आणि अर्थाने जवळची नावेही अडतात. वस्तू आणि सेवा यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 45 वर्ग आहेत. डाउनलोड करायचे सॉफ्टवेअर नवव्या वर्गात येते, तर ऑनलाइन सेवा म्हणून दिलेले सॉफ्टवेअर बेचाळीसाव्या. आमच्यासारख्या ॲपला हे दोन्ही वर्ग पाहावे लागतात. आठांपैकी चार नावे तिथेच गळाली. त्यानंतर फोनची चाचणी घेतली: फोनवर नाव एकदाच सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते रोमन लिपीत टाइप करून शोधायचे. ‘फडताळ’ इथे पडले. चार जणांनी ते चार तऱ्हांनी लिहिले. कोणी ‘एफ’ने सुरुवात केली, कोणी ‘पीएच’ने, आणि शेवटच्या ‘ळ’साठी तर रोमनमध्ये वेगळे अक्षरच नाही. मला स्वतःला ते नाव फार आवडले होते, तरीही ते सोडले ते बरोबरच केले. तीन नावे प्रमुखांपुढे गेली आणि त्यांनी ‘कोनाडा’ निवडले.

दोन पायऱ्यांचे मतदान आणूनही एक उणीव राहिली आहे. ठिपके पहिल्या भेटीत आवडलेल्या नावाला मिळतात. घडवलेला, कधी न ऐकलेला शब्द पहिल्या भेटीत परकाच वाटतो, म्हणून तो हटकून मागे पडतो, आणि कशातच न बसणाऱ्या एकट्या चिठ्ठ्यांना तर गटाच्या मतदानात जागाच नसते. चौथ्या कार्यशाळेपासून मी प्रत्येकाला एक राखीव चिठ्ठी देतो. मतदानानंतर ती लावून कोणीही एक हरलेले नाव तपासणीपर्यंत नेऊ शकतो. अट एकच, की त्याने ते नाव टिपणातल्या वाक्यात घालून मोठ्याने म्हणून दाखवायचे आणि का हवे ते एका वाक्यात सांगायचे. दोन कार्यशाळांत मिळून पाच चिठ्ठ्या वापरल्या गेल्या. त्यांतली दोन नावे तपासणीत टिकली, आणि त्यांतले एक, जे मतदानात शून्यावर होते, ते पुढच्या महिन्यात वापरात येत आहे.