फ्रीफॉर्म प्रोग्रेसिव्ह काचा: जास्तीचे पैसे नेमके कशासाठी?

गेले बरेच महिने मी फ्रीफॉर्म पद्धतीच्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या, काचा दिवसभर वापरतो आहे. त्याआधी माझ्या चष्म्यात पारंपरिक प्रोग्रेसिव्ह काचा होत्या. नंबर बदललेला नाही आणि फ्रेमही जवळपास त्याच मापाची आहे, त्यामुळे जो फरक जाणवतो तो काचांचाच आहे, असे म्हणता येते. माझा उजव्या डोळ्याचा नंबर −3.00, त्याला −1.75 चा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्यासाठीचा नंबर, अक्ष 20 अंश. डावाही साधारण तसाच, आणि वाचनासाठीची वाढ, म्हणजे ॲड, +2.00.

पारंपरिक काचेत वरून खाली वाढत जाणारा नंबर पुढच्या पृष्ठभागावर साच्यातूनच घडवलेला असतो आणि आपला दूरचा नंबर व सिलिंडर मागच्या बाजूने घासून दिला जातो. पुढचा एकच साचा नंबरांच्या एका मोठ्या टप्प्यासाठी वापरला जातो, आणि त्या टप्प्यातल्या मधल्याच कुठल्यातरी नंबरासाठी तो अचूक असतो. फ्रीफॉर्ममध्ये मागचा पृष्ठभाग संगणकाने बिंदू-बिंदू मोजून हिऱ्याच्या टोकाने कापला जातो, त्यामुळे प्रत्येक ग्राहकाच्या नंबरासाठी वेगळा आकार देणे शक्य होते. येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी: फ्रीफॉर्म हे कापण्याच्या पद्धतीचे नाव आहे, चांगल्या रचनेची हमी नव्हे. जुनीच रचना नव्या यंत्रावर कापून दिली, तरी ती काच फ्रीफॉर्मच म्हणवते.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फायदा दूरच्या दृष्टीत झाला. जुन्या चष्म्यातून रस्ता ओलांडताना डोळे कडेला वळवले की पाट्यांवरची अक्षरे एका बाजूला ओढल्यासारखी दिसत आणि मान वळवावीच लागे. आता निम्म्याहून अधिक वेळा नुसते डोळे वळवून भागते. याचे कारण सिलिंडर. काचेच्या मध्यापासून दूर, तिरक्या नजरेने पाहताना सिलिंडरचा परिणाम बदलतो, आणि फ्रीफॉर्मच्या गणनेत ती चूक आधीच दुरुस्त करता येते. माझ्या पत्नीचा नंबर जेमतेम −0.50, सिलिंडर नाही आणि ॲड +1.25. तिने दोन्ही प्रकारच्या काचा आळीपाळीने वापरून पाहिल्या आणि तिला सांगण्याजोगा फरक आढळला नाही. तिच्या नंबरात दुरुस्त करण्यासारखे मुळात फारसे काही नव्हतेच.

संगणकाच्या पडद्यासाठी लागणाऱ्या मधल्या पट्ट्याबाबत मात्र मला अपेक्षेइतका लाभ दिसला नाही, आणि तो दिसणारही नव्हता. गणितज्ञ मिंकविट्झ यांच्या प्रमेयानुसार, मध्यरेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो त्याच्या दुप्पट वेगाने रेषेच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढतो. माझी +2.00 ची ॲड 14 मिलिमीटर उंचीत साधायची, तर नंबर दर मिलिमीटरला सुमारे 0.14 डायॉप्टर वाढतो आणि बाजूचा दोष दर मिलिमीटरला सुमारे 0.29. म्हणजे अर्ध्या डायॉप्टरच्या आतला स्वच्छ पट्टा अवघा साडेतीन मिलिमीटर रुंद. फ्रेम बुटकी घेऊन हीच उंची 11 मिलिमीटर केली, तर तो तीनच्याही आत येतो. रचनाकार हा दोष मऊ पसरवू शकतो किंवा कडेला दाटवू शकतो. नाहीसा करू शकत नाही. ‘कडांना धूसरपणा अजिबात नाही’ असे सांगून कुणी काच विकत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जास्तीच्या किमतीतला मोठा भाग वाया जातो तो मापे घेताना. फ्रेम चेहऱ्यावर किती कलते, काच डोळ्यापासून किती अंतरावर राहते आणि फ्रेमचे वळण किती आहे, ही मापे कारखान्याला न कळवल्यास सरासरी गृहीत धरली जाते. माझ्या पहिल्या जोडीत बाहुलीची उंची दुकानाकडून दोन मिलिमीटर खाली धरली गेली होती. वाचताना हनुवटी सतत वर उचलावी लागे आणि मान दुखे. काचेवर फक्त विशिष्ट कोनातून दिसणाऱ्या बारीक कोरीव खुणा असतात, दोन्हींमध्ये 34 मिलिमीटर अंतर. त्यांच्या आधारे दुकानातल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने खुणांचा तक्ता काचेवर ठेवून बाहुलीशी ताडून पाहिले, तेव्हा चूक तिथल्या तिथे दिसली आणि काचा बदलून मिळाल्या.

काचा हातात आल्यावर लेन्सोमीटरवर नंबर तपासून घेतला, तर तो चिठ्ठीतल्या नंबराशी तंतोतंत जुळणार नाही, याने घाबरू नये. चेहऱ्यावरच्या प्रत्यक्ष कोनासाठी दुरुस्त केलेला नंबर थोडा वेगळा असतो आणि तो काचेच्या पाकिटावर चिठ्ठीतल्या नंबराशेजारी छापलेला असतो. तपासणी त्या दुसऱ्या आकड्याशी करायची. दुसरा आकडा नसेलच, तर आपली मापे गणनेत धरली गेली होती का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारावे.