वॉशिंग मशीनची पाण्याची जाळी: आठ महिन्यांत चार वेळा काढली, त्याचा अनुभव

आमचं मशीन वरून झाकण असलेलं, पूर्ण ऑटोमॅटिक. मधल्या पातळीला साधारण 45 लिटर पाणी घेतं आणि नवीन असताना त्याला सहा मिनिटं लागायची. आठ महिन्यांपूर्वी एकदा घड्याळ लावून पाहिलं तर अठरा मिनिटं. त्याच्या आधीचे दोन आठवडे मी फक्त "आज धुणं फार वेळ चाललंय" असं म्हणत होते. शेवटी मशीन पाणी भरता भरताच थांबलं आणि पडद्यावर एरर दाखवून पीं पीं करायला लागलं. ठरावीक वेळेत पाणी पातळीला पोहोचलं नाही की ते असं थांबतं, बिघाड झालेला असतोच असं नाही.

मेकॅनिकला फोन केला. त्याने न बघताच सांगितलं, "ताई, पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह गेला असेल, बदलावा लागेल." गेलाही असेल, पण मशीन उघडून न बघता कळलं कसं, हा प्रश्न मला पडला. म्हणून आधी बादली घेतली.

ही बादलीची चाचणी सगळ्यात उपयोगी पडली. मशीनचा पाइप काढून नुसत्या नळाखाली 10 लिटरची बादली लावली, ती 50 सेकंदांत भरली. म्हणजे नळाचं पाणी मिनिटाला 12 लिटर, नळ निर्दोष. मग पाइप नळाला परत जोडला, त्याचं मशीनकडचं टोक बादलीत धरलं आणि नळ सोडला. 55 सेकंद. म्हणजे पाइप आणि त्याच्या नळाकडच्या टोकातली जाळीही निर्दोष. राहिलं मशीनचं तोंड. 45 लिटरला अठरा मिनिटं म्हणजे मिनिटाला अडीच लिटर, आणि पाइपातून तर अकराच्या आसपास येतंय. अडचण पाइप जिथे मशीनला लागतो तिथेच, हे एकही स्क्रू न काढता कळलं. पाइपाच्या टोकालाच पाणी कमी आलं असतं, तर नळाकडची जाळी, पाइपाचा पीळ किंवा अर्धवट उघडलेला नळ बघावा लागला असता. मशीन स्वच्छ असतानाही नळाएवढ्या वेगाने पाणी घेत नाही, व्हॉल्व्हची स्वतःची मर्यादा असते. त्यामुळे बारा लिटरची अपेक्षा धरू नका. तुमच्या मशीनला नवेपणी किती वेळ लागायचा तो आकडा लिहून ठेवलेला असला तर फार बरं.

एक वेगळी शक्यताही याच वेळी तपासून घ्या. सांडपाण्याचा पाइप खाली जमिनीवर पडला असेल तर मशीन एकीकडे भरतं आणि दुसरीकडे ओतून टाकतं. दिसायला ते हुबेहूब "हळू भरतंय" असंच दिसतं. भरताना मोरीकडे एकदा नजर टाकली की कळतं.

आता जाळी काढण्याबद्दल. नळ बंद केला, मग मशीन काही सेकंद चालू करून पाइपात अडकलेला दाब उतरवला आणि प्लग काढला. हे केलं नाही तर पाइप सोडताना चेहऱ्यावर पाणी येतं, मला आलं. मशीनच्या मागे पाइपाचं प्लास्टिकचं नट असतं. हाताने डावीकडे फिरवलं तर सुटायला हवं. घट्ट बसलं असेल तर नटाभोवती फडकं गुंडाळून पक्कड लावावी. खाली जुना टॉवेल, कारण पाइपात पेलाभर पाणी राहतंच.

नट निघालं की व्हॉल्व्हच्या तोंडात जाळीची टोपी दिसते, बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिच्या मधोमध एक छोटी पट्टी किंवा उंचवटा असतो. तो पक्कडीने धरून सरळ बाहेर ओढायचा, वाकडं करून नाही, टोपीची कड तुटते. आमची बाहेर आली तेव्हा जाळी दिसतच नव्हती. वर तपकिरी गाळाचा थर, त्यात रेतीचे चकाकणारे कण, आणि मधे एक पांढरट तुकडा, नळाला गुंडाळतात त्या टेपचा. तो आडवा बसला होता आणि त्याच्यामागे बाकी सगळं साठत गेलं होतं.

हा कचरा टाकून देण्याआधी बोटांत चोळून बघावा असं मी आता सांगेन. रेती कुरकुरते आणि पाण्यात बसते. लाल-तपकिरी चुरा बोटाला डाग देतो, तो गंज, जुन्या लोखंडी पाइपातला. काळे, मऊ, दाबले की सपाट होणारे कण असतील तर रबरी वॉशर किंवा पाइपाचं आतलं अस्तर सुटत चाललंय, जाळी धुऊन ते थांबणार नाही, पाइप बदलायचा. पांढरा कडक थर चिकटून बसला असेल तर तो क्षार. आमच्याकडे मुख्यतः रेती होती आणि तिचं कारणही नंतर कळलं: वरची टाकी साफ केल्यावर तळचा उरलेला गाळ तसाच पाइपात आला होता.

साफ करणं दहा मिनिटांचं काम. जाळी उलटी धरून, म्हणजे पाणी आतल्या बाजूने बाहेर जाईल अशी, नळाखाली जुन्या टूथब्रशने घासली. सरळ बाजूने घासलं तर कण भोकांत अधिक रुततात. क्षाराचा थर असता तर कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घालून अर्धा तास भिजवली असती. नुसत्या रेतीला त्याची गरज नसते. व्हॉल्व्हच्या तोंडातही कचरा बसलेला असतो, पण तिथे पाण्याचा फवारा मारू नका, कण आत जातील. ओल्या कापसाने टिपून घेतला की पुरे.

आणि इथे मी चूक केली. जाळी बसवली, पाइप लावला आणि खूश झाले. मशीन सहा मिनिटांवर आलं. नवव्या दिवशी पुन्हा बारा मिनिटं! कारण पाइपाच्या आत बसलेला गाळ मी काढलाच नव्हता. चाचणीच्या वेळी थोडंसं पाणी बादलीत गेलं होतं, पण खरा गाळ पाइप हलवला, वाकवला तेव्हा सुटला. आता मी पाइप जोडण्याआधी त्याचं टोक बादलीत ठेवून, नळ पूर्ण सोडून, पाइप दोन-तीनदा हलवून पाणी जाऊ देते, ते स्वच्छ दिसेपर्यंत. मगच जोडणी. नट हाताने पूर्ण आवळून वर जेमतेम पाव वळसा. आधी उलटं थोडं फिरवून आटे बसल्याचा टक् असा आवाज आला की मग आवळायचं, नाहीतर आटे वाकडे लागतात आणि व्हॉल्व्हचं प्लास्टिक चिरतं. पाइपाच्या टोकातलं रबरी वॉशर जागेवर आहे ना हेही बघा. ते पाइपासोबत घसरून पडतं आणि मग आपण गळती का होते म्हणून नट आणखी आवळत बसतो.

दुसरी चूक माझ्या मुलाची. तिसऱ्या महिन्यात, मी घरी नसताना, त्याने जाळी काढली आणि अडकलेले कण सुईने टोचून काढले. "आई, बघ, एकदम साफ केली." साफ होती खरी, पण दोन-तीन भोकं मोठी झाली होती. आठवड्याभराने सकाळी झाकण उघडलं तर बंद मशीनच्या ड्रममध्ये वीतभर पाणी. मशीन बंद असताना पाणी शिरत असेल तर प्लग काढून पाहायचं. तरीही शिरत राहिलं, तर व्हॉल्व्ह मिटतच नाहीये, विजेच्या भागाचा दोष नाही. आत एक रबरी पडदा असतो, त्याच्याखाली रेतीचा एक कण अडकला तरी तो नीट बसत नाही. आम्ही नळ बंद करून ठेवला. नंतर दोन-तीनदा मशीनमध्ये पाणी भरलं तेव्हा त्या वाहत्या पाण्यात कण निघून गेला आणि व्हॉल्व्ह वाचला. जाळी मात्र बदलली. ती फाटलेली असेल तर एक दिवसही तशी चालवू नये, काढून ठेवूनही चालवू नये. माझ्या मते या सगळ्या प्रकारात खरा खर्चाचा धोका हळू भरण्यात नाही, तर हाच आहे.

चौथ्या महिन्यात नळ आणि पाइप यांच्यामध्ये वेगळा गाळणी-फिल्टर लावला, पारदर्शक भांड्याचा, आत स्टीलची जाळी. फायदा असा की गाळ बाहेरून दिसतो आणि मशीन सरकवावं लागत नाही. तोटा असा की पाण्याचा दाब थोडा कमी होतो. आमच्याकडे चालतं, पण टाकी फार वर नसेल तर आधी विचार करा. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला साधारण 0.1 बार दाब मिळतो. बऱ्याच मशीन्सना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो, म्हणजे पाण्याची पातळी तीन ते पाच मीटर वर हवी. तो आधीच काठावर असेल तर फिल्टर लावून मशीन आणखी मंद होईल, शिवाय कमी दाबात व्हॉल्व्हचा पडदा घट्ट मिटतही नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो.

जाळी पाणी शुद्ध करते असंही समजू नका. बारीक माती, पिठासारखी, तिच्यातून सरळ आत जाते. पांढऱ्या कपड्यांवर मातकट छटा येत असेल तर जाळी घासून ती जाणार नाही. तिथे टाकीतला गाळ काढणं किंवा अधिक बारीक गाळणीचा फिल्टर, हेच उपाय.

आठ महिन्यांत जाळी चार वेळा काढली. पहिल्यांदा तुडुंब, दुसऱ्यांदा नऊ दिवसांतच, तिसऱ्यांदा सुईवाला प्रसंग. चौथ्यांदा सातव्या महिन्यात, फिल्टर लावल्यानंतर, तेव्हा जाळीवर चिमूटभरही कचरा नव्हता, मात्र फिल्टरच्या भांड्यात तळाला बोटभर रेती होती. सध्या दर दोन महिन्यांनी मी फक्त भरायला लागणारा वेळ पाहते. सहा-सात मिनिटं असली तर हात लावत नाही. ज्याच्या मशीनला गरम-थंड असे दोन पाइप आहेत त्याने दोन्ही तोंडांच्या जाळ्या पाहाव्यात, थंडच्या बाजूची साफ करून गरमची विसरणं सोपं आहे. टाकी साफ झाली, किंवा इमारतीत पाइपाचं काम निघालं, की त्या दिवशी मशीनचा नळ आधीच बंद करून ठेवते आणि पहिलं गढूळ पाणी दुसऱ्याच नळातून जाऊ देते. मागच्या आठवड्यात तसंच झालं. बादलीत आलेला गाळ बघून मुलगा म्हणाला, "हे सगळं मशीनमध्ये जाणार होतं?"