कव्हर लेटरमध्ये आधी काय: प्रोजेक्ट की इंटर्नशिप?

मेकॅनिकलची पदवी हातात, नोकरीचा अनुभव नाही, आणि पत्र जेमतेम तीन परिच्छेदांचं. त्यात पहिला मान शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला द्यायचा की सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला, हे जाहिरातीतल्या पदावरून ठरवा. समजा, उमेदवाराने भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये इंटर्नशिप केली आहे आणि कॉलेजात चौघांनी मिळून कांदा सुकवायचा सोलर ड्रायर बनवला आहे.

इंटर्नशिप पुढे ठेवली, तर मजकूर असा (पत्र इंग्रजीत गेलं तरी आशय हाच): "सीएनसी लेथवर 25 मिमी बोअरचे नग मी दर तासाला बोअर गेजने मोजून नोंदवत होतो. इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होत जातो, हे नोंदींत दिसलं. नग मर्यादेबाहेर जाण्याआधी ऑफसेट कधी द्यायचा, हे मी त्यावरून सुपरवायझरना दाखवलं." क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या साहेबांना एवढं पुरतं. उमेदवार शॉप फ्लोअरवर उभा राहिला आहे आणि मोजमापाचा अर्थ लावतो, हे त्यांना लगेच कळतं. याउलट "विविध विभागांची माहिती घेतली" यातून फक्त कारखाना पाहिल्याचं समजतं. आणि रिजेक्शन कमी झालं असेल, तर ते सगळं श्रेय स्वतःकडे घेऊ नका. आधी किती होतं, बदल कोणी केला, हे मुलाखतीत विचारतातच.

प्रोजेक्ट पुढे ठेवला तर: "गटात हवेचा प्रवाह आणि ट्रेची रचना माझ्याकडे होती. खालच्या आणि वरच्या ट्रेच्या तापमानात 11 अंशांचा फरक पडत होता. खालचा कांदा करपायचा, वरचा ओला राहायचा. हवेच्या वाटेत बॅफल बसवल्यावर फरक 4 अंशांवर आला." डिझाइनच्या पदाला हे जास्त भिडतं, कारण अडचण, मोजणी आणि बदल तिन्ही एकाच माणसाच्या हातचे दिसतात. प्रोजेक्टची पत्रं बहुतेक वेळा "आम्ही बनवलं" या शब्दांनी पडतात. चौघांतलं तुमचं काम कोणतं, तेच वाचणाऱ्याला हवं असतं. तयार विकत आणलेला प्रोजेक्ट तर "हाच फॅन का घेतला?" एवढ्या एका प्रश्नात उघडा पडतो.

थोडक्यात, क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्ससाठी मी इंटर्नशिप आधी लिहायला सांगेन. डिझाइन आणि आर अँड डीसाठी प्रोजेक्ट. जाहिरातीत नुसतं ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी असेल, विभाग दिलेला नसेल, तर ज्या कामावर लागोपाठ तीन उलटे प्रश्न आले तरी उत्तर देता येईल ते आधी घ्या. इंटर्नशिप नुसती बघण्यातच गेली असेल, तर तिथेही प्रोजेक्टच.

मागे राहिलेल्याला दुसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यं द्या. कंपनीचा पार्ट नंबर, ड्रॉइंगमधली सविस्तर मापं किंवा ग्राहकाचं नाव मात्र पत्रात घालू नका. "25 मिमी बोअर" एवढं सांगणं पुरे.