विमा कंपनीचे गुळमुळीत पत्र आणि माझे ३८,७४० रुपये

आरोग्य विम्याचा हप्ता भरण्याच्या नावाखाली माझे ३८,७४० रुपये गेले. ‘अनोळखी माणसाला पैसे पाठवलेतच कसे?’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो, की फोनवरच्या माणसाला माझा पॉलिसी क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव आणि गेल्या वर्षीच्या हर्नियाच्या दाव्याची मंजूर रक्कमसुद्धा ठाऊक होती. इतके तपशील कंपनीखेरीज कोणाकडे असतील?

ते चोरांकडे होते. त्याआधीच कंपनीची एक ई-मेल आली होती, विषय ‘आपल्या विश्वासाप्रति आमची बांधिलकी’. ग्राहकसेवेचे गोडवे गाऊन झाल्यावर चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होते : ‘काही प्रणालींमध्ये अनधिकृत प्रवेश झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, ग्राहकांनी सतर्क राहावे.’ काय चोरीला गेले, कधी गेले, सतर्क म्हणजे नेमके काय करावे, याचा पत्ता नाही. असली पत्रे जाहिरात समजून पुसली जातात, आणि ती बहुधा त्यासाठीच तशी लिहिलेली असतात.

लिहायला हवे होते ते असे : ‘आमच्या सर्व्हरवरून तुमचे नाव, मोबाइल, पॉलिसी क्रमांक, नॉमिनीचे नाव आणि दाव्याची कागदपत्रे अमुक तारखेला चोरीला गेली. बँकेचे तपशील गेलेले नाहीत. ही माहिती सांगून कोणी फोन केला तरी त्याला आमचा माणूस समजू नका. हप्ता फक्त आमच्या ॲपमध्ये भरा.’ हे चार ओळींत मावले असते आणि मी फोन तिथेच ठेवला असता.

पिन टाकण्यापूर्वी यूपीआयच्या पडद्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले, ते मला दिसले. ‘वसुली प्रतिनिधीचे खाते आहे, सवलत आजच संपते,’ हे उत्तर त्याच्याकडे तयार होते. ते नाव आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. पैसे घेणाऱ्याचे नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा, समोरचा कितीही खरे तपशील सांगो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, पण तोवर रक्कम पुढच्या खात्यांत पांगली होती. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला, जबाबदारी तुमची. ठाण्यातून सायबर शाखेकडे पाठवले गेले आणि तिथून पुन्हा ठाण्याकडे. कंपनीचे उत्तर तर अजब : ‘तपास चालू आहे, तुमचीच माहिती गेली असे म्हणता येत नाही.’ मग दाव्याची रक्कम त्या भामट्याला स्वप्नात दिसली काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. काय घडले, त्याचे परिणाम काय आणि ग्राहकाने काय करावे, हे सोप्या भाषेत विनाविलंब कळवण्याचे बंधन त्यांत आहे. मात्र ते लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोपर्यंत अशी गुळमुळीत मेल आली तर पुसू नका. ‘माझ्या नोंदीतली कोणकोणती माहिती गेली?’ असे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा आणि पोच मागून घ्या.