राजीनाम्यावर सही केली आणि सव्वा लाख गेले

मार्च २०१९. एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दहा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. मी लेथवर होतो, नोकरी ११ वर्षं ७ महिने, बेसिक आणि डीए मिळून पगार १८,००० रुपये. एचआरचे साहेब म्हणाले, "ऑर्डर नाहीत, माणसं कमी करावी लागतायत. यावर सही करा, सव्वा लाखाचा चेक आजच घ्या. नाहीतर काहीच मिळणार नाही." कागद टाइप करून तयार होता : "मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." मी सही केली.

तो सव्वा लाख म्हणजे माझी ग्रॅच्युइटी होती, हे मला चार महिन्यांनी कळलं. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ वर्षं (सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात) : १,२४,६१५ रुपये. पाच वर्षं भरलेल्याला ती राजीनामा दिला तरी मिळते. माझेच पैसे भरपाई म्हणून माझ्या हातात ठेवले होते.

कामगार कपातीची भरपाई वेगळी असते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एफ प्रमाणे, वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागायचा आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सलग नोकरी म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. माझे वर्षाला ९,००० याप्रमाणे १,०८,००० आणि नोटिशीचे १८,००० झाले असते. पण स्वखुशीने नोकरी सोडणं कायद्यात कपातीत धरतच नाहीत. "स्वखुशीने" या एका शब्दाने १,२६,००० रुपये गेले.

आमच्यातल्या एकाने सही केली नाही. "कमी करताय तर तसं पत्र द्या," एवढंच तो म्हणत राहिला. आठवडाभर त्याला गेटवर बसवून ठेवलं, शेवटी नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी सगळं दिलं.

मी सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज केला. कंपनीने राजीनामा पुढे केला. तडजोड झाली नाही, तेव्हा कामगार न्यायालयात गेलो. जबरदस्ती झाली हे मलाच सिद्ध करायचं होतं. वकिलांनी आम्हा नऊ जणांचे राजीनामे मागवून घेतले : एकच तारीख, एकच मजकूर, चुकासुद्धा त्याच. शिवाय माझ्या लेथवर दोन महिन्यांत कंत्राटी मुलगा उभा होता. खरं तर कपात केलेल्याला पुन्हा भरतीत आधी बोलवावं लागतं. हे सगळं समोर आल्यावर कंपनीने ७०,००० रुपयांवर समझोता केला. घरी दोन वर्षं पगार नव्हता, म्हणून मी घेतले.

सही झालीच असेल तर त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने कळवा की ती दबावाखाली घेतली. मी पाच महिने थांबलो आणि कंपनीच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. माझ्या वेळी दाद मागायला तीन वर्षं होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मुदत दोनच वर्षं आहे, १५ दिवसांचा हिशेब मात्र तोच आहे.